सोळा फ्लडलाइट आणि तिसऱ्या मजल्याची खिडकी

रुग्णालयाच्या दर्शनी भिंतीखाली सोळा फ्लडलाइट बसवले, तेव्हा मिस्त्रींना मनातून फार बरं वाटलं होतं. अठ्ठावीस वर्षं त्यांनी या इमारतीत फ्यूज बदलले, पंखे दुरुस्त केले, लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांना धीर दिला. पण लोकांनी मान वर करून बघावं असं त्यांच्या हातून पहिल्यांदाच काही झालं होतं. पांढरेशुभ्र दिवे, जमिनीतून वर तोंड करून रोवलेले. संध्याकाळी साताला लागत आणि उजाडेपर्यंत चालू राहत. बायकोला रिक्षातून मुद्दाम दाखवायला आणलं, तर ती म्हणाली, "केवढा हो उजेड." त्यांनी ते कौतुकच समजलं.

पाचव्या महिन्यात बायको न्हाणीघरात पाय घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन तिथेच झालं. खाट मिळाली तिसऱ्या मजल्यावर, रस्त्याच्या बाजूच्या खिडकीशी.

ऑपरेशन नीट झालं, पण तिला झोप येईना. तिसऱ्या रात्री तिने मिस्त्रींना पहाटेचे पाच वाजले समजून उठवलं आणि दूध तापत ठेवायला सांगितलं. घड्याळात दीड वाजला होता. चौथ्या रात्री तिने त्यांना ओळखलंच नाही. समोर बसलेला हा माणूस कोण, म्हणून ती सिस्टरना विचारत राहिली. चौतीस वर्षांच्या संसारात असं कधी झालं नव्हतं. सकाळी ती पुन्हा नेहमीसारखी बोलायला लागली, तेव्हा ते जिन्यात जाऊन बसले.

वॉर्डच्या सिस्टरनी समजावलं की वयस्क माणसांचं ऑपरेशननंतर असं होऊ शकतं. कारणं बरीच असतात, दुखणं, औषधं, अनोळखी जागा, पण झोप मोडली की ते बळावतं. मग त्यांनी खिडकीकडे बोट दाखवलं. खालचा झोत छतावर आपटून सगळ्या खाटांवर उतरत होता. अंधार पडला की शरीर झोपेचं रसायन तयार करतं, आणि असा निळसर पांढरा उजेड डोळ्यांवर आला की शरीराला वाटतं अजून दिवसच आहे. या बाजूच्या पेशंटना झोपेच्या गोळ्या जास्त लागतात, हे त्यांनी वरती कळवलंही होतं, पण ते कागद कुठे गेले कुणास ठाऊक.

"डोळे मिटले तरी पापण्यांतून आत येतो," बायको म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता. दिवे कुणी बसवलेत हे तिला माहीत होतं.

त्या दिवशी मिस्त्रींनी पंख्याच्या खोक्याचा पुठ्ठा खिडकीला चिकटपट्टीने लावला. एका खाटेचं भागलं. बाकीच्या अकरा खाटा तशाच.

खालच्या अंगणात सफाईवाल्या मावशींची वेगळीच काळजी चालली होती. गेले दोन आठवडे त्यांना सकाळी भिंतीच्या कडेला मेलेले पक्षी सापडत होते. मुठीएवढे, हिरवट पाठीचे, इथे एरवी न दिसणारे. त्यांना वाटलं, कसली तरी साथ आली. म्हणून त्यांनी तीन पक्षी कागदात गुंडाळून रक्त तपासणाऱ्या तंत्रज्ञाकडे नेले, कारण तो सुट्टीच्या दिवशी दुर्बीण घेऊन पाणथळीवर भटकतो हे सगळ्यांना माहीत होतं. त्याने पक्षी पाहिले आणि तडक मिस्त्रींना गाठलं.

साथबीथ काही नाही, तो म्हणाला. हे स्थलांतर करणारे पक्षी, रात्रीच उडतात. आभाळ मोकळं असलं तर वरून निघून जातात. ढग खाली आले की तेही खाली येतात आणि मग या झोतात सापडतात. उजेडातून बाहेर पडायची वाटच त्यांना कळत नाही. थकेपर्यंत फिरतात, नाहीतर काचेवर आदळतात.

"दोष काचेचा असेल," मिस्त्री म्हणाले.

"काच पाच वर्षांपासून आहे, मिस्त्री. दिवे यंदाचे."

त्या संध्याकाळी ढग उतरले. रात्री अकराच्या सुमारास बायकोचा डोळा जरा लागला, म्हणून मिस्त्री वऱ्हांड्यात आले आणि त्यांनी वर पाहिलं. झोतांमध्ये शेकडो पांढरे ठिपके गरगरत होते. आधी त्यांना दिव्यावरचे किडे वाटले. मग चिवचिव ऐकू आली, बारीक, एकसारखी, न थांबणारी. वरच्या काचेवर टप्प असा आवाज झाला. थोड्या वेळाने पुन्हा.

दिवे बंद करायचा अधिकार त्यांना नव्हता. लेखी हुकूम होता, रात्रभर चालू. निवृत्तीला अकरा महिने राहिले होते. अंधारात कुणी पडलं तर नाव त्यांचंच येणार. तरी ते तळघरातल्या पॅनलपाशी गेले. रुग्णवाहिकेच्या उताराची आणि फाटकाची सर्किटं वेगळी आहेत ना, हे चिठ्ठ्या वाचून दोनदा तपासलं. मग त्यांनी दर्शनी भिंतीचं बटण खाली केलं.

फाटकावरच्या रखवालदाराचा लगेच फोन आला. काम चालू आहे, एवढंच त्यांनी सांगितलं. वीसेक मिनिटं ते अंगणात उभे होते. चिवचिव विरळ होत गेली, मग वरून दूर निघून गेली. पुढे काही आदळलं नाही. वॉर्डात परतले तर बायको झोपलेली, आणि पलीकडच्या खाटेवरच्या आजीबाई चक्क घोरत होत्या.

सकाळी अधीक्षक बाईंनी बोलावून घेतलं. त्या रागावल्या, आणि त्यांचा राग चुकीचा आहे असं मिस्त्रींना वाटलं नाही. रात्रपाळीच्या मुली अंधाराला घाबरतात, कुणाला काही झालं तर उत्तर कोण देणार, असं त्यांनी विचारलं. मिस्त्रींना भाषण जमत नसे. त्यांनी सिस्टरना बोलावून घ्या म्हटलं, आणि मावशींनी सकाळी दिलेला, मेलेल्या पक्ष्यांचा कागद टेबलावर उलगडला. बाईंनी कागद जवळ ओढून ते पक्षी पाहिले.

"तुमच्याच हातचे दिवे ना हे?"

"हो. म्हणूनच ते मला बदलायचेत."

स्थलांतराचा हंगाम संपेपर्यंत दिवे बदलून पाहायला परवानगी मिळाली. एखादी जरी तक्रार आली तरी पूर्वीसारखं, ही अट घालून.

पुढचे आठ दिवस मिस्त्रींना अन्न गोड लागलं नाही. सोळापैकी दहा दिवे त्यांनी काढूनच टाकले. उरलेले भिंतीवर चढवले, तोंड सरळ खाली केलं आणि पत्र्याच्या टोप्या अशा बसवल्या की बाजूने वा वर उजेड फुटू नये. पांढऱ्याऐवजी पिवळसर बल्ब लावले. टायमर लावून ते रात्री दहाला बंद होतील असं केलं. पार्किंगच्या वाटेवर टोपीचेच दिवे दिले, पण माणूस आला की लागणारे. वॉर्डात दहानंतर छताचे दिवे बंद, खाटांच्या पायथ्याशी मंद पिवळे. सिस्टरना सलाईन लावायला हातातली बॅटरी.

पहिल्या रात्री ते स्वतः पार्किंगमध्ये थांबले. पाळी संपवून येणाऱ्या प्रत्येकीला विचारलं, वाट दिसते ना? एकीने सांगितलं, आधी झोत डोळ्यांवर यायचा, गाड्यांमागचं काही दिसायचं नाही, आता दिसतं. दुसरी म्हणाली, कोपऱ्यातला दिवा उशिरा लागतो. तो त्यांनी तिथल्या तिथे शिडी लावून ठीक केला.

बायकोची झोप एका दिवसात परतली नाही. आधी दोन तास, मग चार. पुन्हा दिवस-रात्रीचा घोळ मात्र झाला नाही, आणि ऑपरेशननंतर बाराव्या दिवशी ती वॉकर धरून घरी गेली. सिस्टरनी कळवलं की झोपेच्या गोळ्या मागणारे कमी झालेत, पण तेवढ्याने झालं असं म्हणायला आणखी काही महिने पाहावं लागेल.

पक्षी थांबले असं नाही. एका ढगाळ सकाळी मावशींना दोन सापडले, जिन्याच्या काचेखाली. पाचव्या मजल्यावरचा जिन्याचा दिवा रात्रभर चालू राहिला होता. मिस्त्रींनी डबा खायचा तसाच ठेवला आणि हत्यारांची पिशवी घेऊन जिन्याच्या दिव्यांना टायमर बसवायला वर गेले. जिना सहा मजल्यांचा होता, आणि टायमर शिल्लक होते चार.