ना तू, ना तुम्ही

वाफकाकांना वाफकाका हे नाव धुलाईच्या कारखान्यात पडलं आणि तिथून ते घरापर्यंत येऊन चिकटलं. हॉटेलांच्या चादरी, टॉवेल आणि टेबलावरची कापडं धुणारा तो कारखाना. आयुष्यातली बरीचशी वर्षं काकांनी त्याच्या बॉयलरपाशी काढली. पाण्याची पातळी दाखवणारी काच बघायची, दाब बघायचा, दर पाळीला काच साफ करून घ्यायची आणि कोणी घाई केली तर ऐकू न आल्यासारखं करायचं, असं त्यांचं काम. शेवटचं काम त्यांना सगळ्यांत चांगलं जमायचं.

पुढे एका मोठ्या कंपनीने कारखाना विकत घेतला. जुना बॉयलर काढून आपोआप चालणारी यंत्रं बसवली आणि काकांना हार घालून घरी पाठवलं. मग काका एका हार्डवेअरच्या दुकानात बसू लागले. गिऱ्हाईकाने खिळे मागितले की कशासाठी हवेत ते विचारायचे, आणि काम पटलं नाही तर खिळे देत नसत. दुकानदार बोलला काहीच नाही, पण एका रुग्णालयात बॉयलर अटेंडंटची जागा निघाल्याची बातमी त्यानेच आणून दिली, आणि तीही फार उत्साहाने.

काकांजवळ बॉयलरचा परवाना होता, अनुभव होता. रुग्णालयाला आणखी एक गोष्ट हवी होती, ती म्हणजे आधीच्या वरिष्ठांचं शिफारसपत्र. ते वीस तारखेच्या आत थेट त्यांच्याकडे पोचायला हवं होतं.

आधीची वरिष्ठ म्हणजे मॅनेजरबाई. ती अजून त्याच कंपनीत होती, आता चार कारखान्यांवर. तिला फोन करायला काका तयार होईनात. शेवटी काकूंनी पुतणीला गळ घातली. पुतणी एका भाषांतराच्या कचेरीत काम करायची. दिवसभर दुसऱ्यांचे करार आणि दाखले या भाषेतून त्या भाषेत न्यायची. तिने फोन लावला.

मॅनेजरबाईने ऐकून घेतलं आणि सरळ सांगितलं, "काकांसाठी नक्की देईन. पण कंपनीचा नियम आहे. शिफारस हेड ऑफिसमार्फत जाते आणि त्यांना माणसाची लेखी विनंती लागते, इंग्रजीत. तेवढं पाठव." मग जरा थांबून म्हणाली, "आणि एक मराठीतही हवं. ते माझ्यासाठी. काका स्वतः काय म्हणताहेत ते मला वाचायचंय."

दुसऱ्या दिवशी काका जेवणाच्या सुट्टीत पुतणीच्या कचेरीत गेले. चष्म्याच्या दुकानाच्या वर दोन खोल्या, चार टेबलं, आणि प्रत्येक टेबलावर शब्दकोशाच्या आधाराने उभा केलेला पंखा. काकांनी खिशातून कच्चा मसुदा काढला.

पुतणीने मोठ्याने वाचलं, "'आपल्या कृपाछत्राखाली अनेक वर्षे सेवा करण्याचे भाग्य लाभलेला मी पामर...' काका, हे काय आहे?"

"अर्ज आहे."

"तुम्ही पामर कधीपासून?"

"अर्ज करताना असावं लागतं."

पुतणीने पामर काढला. कृपाछत्रही काढलं, कारण तिच्या मते ते इंग्रजीत उघडलं की नुसती छत्री उरते. इंग्रजी पत्र तिने तिथल्या तिथे करून दिलं. मी कोण, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत कोणत्या हुद्द्यावर होतो, आता कोणत्या जागेसाठी अर्ज केलाय, शिफारशीत कोणत्या कामांचा उल्लेख झाला तर उपयोग होईल, पत्र कोणाला आणि कधीपर्यंत पाठवायचं. शेवटी, जमण्यासारखं नसेल तर तसं कळवावं, असं एक वाक्य. सोबत अर्जाची प्रत आणि परवान्याची प्रत.

काकांना ते उघडं-बोडकं वाटलं. "यात 'रिस्पेक्टेड' कुठे आहे? 'काइंडली डू द नीडफुल' तरी घाल."

"इंग्रजीत आदर असा ओतायचा नसतो, काका. 'आय वुड बी ग्रेटफुल' म्हटलंय ना, तेवढा पुरतो. अजून घातला तर हेड ऑफिसला वाटेल तुम्ही काहीतरी लपवताय."

"बरं. मराठी?"

"मराठी शब्दाला शब्द करून चालणार नाही. 'तुम्ही हे करू शकलात तर मी कृतज्ञ राहीन' असं लिहिलं तर निरोपसमारंभातलं भाषण वाटेल. ते तुमच्या तोंडचं हवं. तुम्ही सांगा, मी नीट करते."

काकांनी सांगितलं. पुतणीने लिहून घेतलं, शुद्ध केलं आणि दोन्ही पत्रं पाठवून दिली. मराठी पत्र असं होतं: 'शिफारसपत्र मिळावे, ही नम्र विनंती. सोबत प्रती जोडल्या आहेत. सदर पत्र वीस तारखेपूर्वी पाठवले जावे. सहकार्य अपेक्षित आहे.' व्याकरणात एकही चूक नव्हती. असे अर्ज जगात रोज लाखांनी लिहिले जातात.

दोन दिवसांनी मॅनेजरबाईचा पुतणीला फोन आला. "इंग्रजी उत्तम आहे, हेड ऑफिसला पाठवलंही. पण मराठी पत्र कोणाला लिहिलंय? पाकिटावर माझं नाव आहे, पण आत मी कुठेच नाही. त्यांना म्हणावं, परत लिहा."

पुतणीने दोन्ही पत्रं शेजारी ठेवून पाहिली. इंग्रजीत 'यू' जागोजागी होता. मराठीत 'तू' नव्हता, 'तुम्ही' नव्हतं, 'आपण'ही नव्हतं. ती संध्याकाळी काकांच्या घरी गेली. काकू दाणे निवडत होत्या, काका खिडकीची बिजागरी तपासत होते. बिजागरीला काहीही झालेलं नव्हतं.

"काका, तुम्ही मॅनेजरबाईंना काय म्हणायचा? अहो की अगं?"

काकांनी बिजागरी पुन्हा हलवून पाहिली.

"ते काहीच म्हणायचे नाहीत," काकू म्हणाल्या. "सगळ्या कारखान्याला माहीत होतं."

मग गोष्ट बाहेर आली. मॅनेजरबाई कारखान्यात पहिल्यांदा आली ती शिकाऊ सुपरवायझर म्हणून, कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली. वाफेचा आवाज झाला की दचकायची. काकांनी तिला काच साफ करायला शिकवली, कुठला व्हॉल्व्ह आधी आणि कुठला नंतर ते तिच्याकडून घोटून घेतलं. तेव्हा ती 'पोरी' होती, 'तू' होती. 'पोरी, हात मागे घे' हे वाक्य तर दिवसातून पाच वेळा. मग काही वर्षांनी एका सकाळी सूचनाफलकावर कागद लागला आणि पोरगी मॅनेजर झाली.

त्या दिवसापासून काकांच्या तोंडून तिच्यासाठी सर्वनाम म्हणून निघालं नाही. 'आज उशीर होणार का?' 'जेवण झालं का?' 'रजेच्या अर्जावर सही होईल का?' पुढची सगळी वर्षं त्यांनी अशी काढली. एकदा तिच्या साडीचा पदर यंत्राच्या पट्ट्यात अडकायला आला तेव्हासुद्धा काका ओरडले ते असं: "पदर! पदर सांभाळला जावा!"

पुतणीला हसू आवरेना. काकांचा चेहरा मात्र हलला नाही.

"यात अडतंय कुठे?" काकू म्हणाल्या. "बायकोला तू, देवाला तू, साहेबाला तुम्ही. लहान पोरालाही कळतं."

"तुला नाही कळायचं."

"मग 'आपण' लिहू या का?" पुतणीने विचारलं. "पण 'आपण' फार लांबचं वाटेल. जिला हात धरून शिकवलं तिला 'आपण' म्हणजे सरकारी नोटीस. 'तू' लिहिलं तर तिच्या हुद्द्याला बरं दिसणार नाही. 'तुम्ही' बरोबर आहे, काका. त्यात मान आहे आणि ओळखही आहे."

"सर्वनाम न घालता अर्ज होतो. तूच म्हणालीस, व्याकरण बरोबर आहे."

"अर्ज होतो. पण ती म्हणतेय की माझ्याकडे मागा. कोणाकडे तरी काही मागायचं तर तो कोणीतरी वाक्यात असायला नको?"

काकूंनी दाण्यांचं ताट बाजूला सारलं आणि काकांपुढे वही ठेवली. पत्र त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, आणि मायन्यानंतरचा पहिला शब्द लिहायलाच सगळ्यांत जास्त वेळ लागला.

'स. न. वि. वि.

तुम्हाला हे पत्र लिहायला उशीर झाला. रुग्णालयात बॉयलरवर जागा आहे, त्यासाठी तुमची शिफारस हवी आहे. माझे काम तुम्ही पाहिले आहे, चांगले आणि हट्टीपणाचे, दोन्ही. तुम्हाला योग्य वाटेल तेवढेच लिहा. वीस तारखेच्या आत गेले तर बरे होईल. नाही जमले तर तसे कळवा, मी मनात धरणार नाही.

तुम्ही मॅनेजर झालात तेव्हा अभिनंदन करायचे राहून गेले. ते आता करतो.'

पुतणीने एक काना दुरुस्त केला. बाकी हात लावला नाही.

"शेवटचं हे अभिनंदन इंग्रजी पत्रातही घालायचं होतं का?" तिने विचारलं.

"हेड ऑफिसला काय करायचंय?" काका म्हणाले.

चार दिवसांनी घरचा फोन वाजला. काकूंनी उचलला, ऐकला आणि काकांच्या हातात दिला.

"काका, अभिनंदन पोचलं," मॅनेजरबाई म्हणाली. "दहा-अकरा वर्षं लागली, पण पोचलं."

"हं."

"मला काय वाटायचं माहितीये? तुम्हाला बाईच्या हाताखाली काम करणं आवडत नाही. मी नवऱ्यालाही तेच सांगायचे."

काका दचकले. हे त्यांच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. "छे छे! तसं नव्हतं हो. 'तू' म्हटलं असतं तर चारचौघांत मॅनेजरचा अपमान. 'तुम्ही' म्हटलं असतं तर..." ते थांबले. काकू दाराआडून ऐकत होत्या, हे त्यांना दिसत होतं. "तर आपली पोरगी परकी झाली असती. म्हटलं, वाक्यच बदलावं."

"आता काय म्हणणार?" मॅनेजरबाईने विचारलं.

"आता लेखी दिलंय. तुम्हीच."

शिफारस वेळेत गेली. हेड ऑफिसने नियमाप्रमाणे त्यातली सगळी विशेषणं काढून टाकली होती आणि हुद्दा, तारखा, वर्तन समाधानकारक, एवढंच ठेवलं होतं. मॅनेजरबाईने भांडून एक वाक्य ठेवायला लावलं होतं: बॉयलर सुरक्षित नाही असं वाटलं तर हा माणूस कोणाचंही ऐकत नाही. रुग्णालयाच्या इंजिनिअरने ते वाक्य दोनदा वाचलं, काकांकडे पाहिलं आणि कधी येता म्हणून विचारलं. हार्डवेअरच्या दुकानदाराने त्यांना स्वतः रिक्षात बसवून दिलं.

पहिला महिना संपत आला तेव्हा मॅनेजरबाईचा पुन्हा फोन आला. नव्या कारखान्यात वाफेच्या पाइपातून ठकठक आवाज येत होता. तिने फोन पाइपाजवळ धरला. काकांनी डोळे मिटून ऐकलं.

"पाणी साठतंय पाइपात. ते बाहेर काढणारा ट्रॅप बिघडलाय. तुम्ही आधी वाफ बंद करा, मग ट्रॅप उघडून बघा."

तासाभराने तिने कळवलं की ट्रॅप उत्तम आहे, पाइप धरून ठेवणारा एक क्लॅम्प सैल झाला होता.

"मग तुमचं बरोबर," काका म्हणाले आणि जेवायला बसले.