काखेतलं रक्त

लातुरात आमची लॅब लेकरांच्या दवाखान्यापासून चार गल्ल्यांवर. मध्ये क्लासेस सुटले की गल्ल्यांत चालायलाही जागा उरत नाही. त्या गर्दीतून रेणापूरकडचा एक तरणा बाप दवाखान्यातून घामाघूम होऊन आला आणि बर्फाचा थर्मास टेबलावर ठेवला. मी झाकण उघडलं. आत बर्फ होता, पण रक्ताच्या नळ्या नव्हत्या.

त्यानं शर्टात हात घालून दोन्ही नळ्या काखेतून काढल्या. चांगल्या कोमट होत्या.

"बर्फात कशाला ठिवायच्या, ताई? लेकराचं रक्त हाय. गारठंल की."

माझा पारा चढलाच होता, पण त्याचं तोंड बघून उतरला. घरी बाळंतिणीच्या खोलीत शेगडी, कानाला टापशी, आणि इथं म्हणे लेकराचं रक्त बर्फात! त्याचं काय चुकलं? आठ दिवसांचं बाळ सुस्त पडलेलं, ओढून पीत नव्हतं. दुधातल्या प्रथिनांनी रक्तातला विषारी अमोनिया आणखी वाढू शकतो, म्हणून तो वाढलाय का हे कळेपर्यंत डॉक्टरांनी आईचं दूध बंद करून सलाइनवर ठेवलं होतं. वाढलेला निघाला तर थेट हैदराबादच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं.

"ह्या नळ्या चालणार न्हाईत," मी म्हणाले.

"पुन्हा सुई नका टोचू. लई रडलंय."

मी त्याला स्टुलावर बसवून सांगितलं, की रक्त अंगातून काढलं तरी त्यातल्या पेशी जिवंत असतात. उबेत त्या साखर खातात आणि लॅक्टेट नावाचं आम्ल वाढवत बसतात. नळीतल्या नळीत अमोनियाही तयार होत राहतो. बर्फानं त्यांचा वेग मंदावतो. "तुमच्या काखेतलं रक्त बाळ आजारी नसलं तरी आजारी दाखवील. मग दूध उगीच बंद राहील."

त्यानं थर्मास उचलला. मग म्हणाला, "चला."

माझ्या स्कूटीवर आम्ही दवाखान्यात गेलो. सिस्टरनं दंड करकचून न आवळता रक्त घेतलं आणि नळ्या लगेच बर्फाच्या पाण्यात बुडवल्या. परत येताना तो मागं थर्मास छातीशी धरून बसला होता. झाकण नीट लागत नव्हतं म्हणून तळहातानं दाबून धरलेलं. लॅबमध्ये पोचताच थंड मशीनमध्ये फिरवून पेशी खाली बसवल्या, वरचा भाग वेगळा काढला, तपासायला लावला.

अमोनिया आणि लॅक्टेट, दोन्ही आकडे बाळाच्या वयाला साजेसे निघाले. मी डॉक्टरांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, जंतुसंसर्गच दिसतोय, औषध चालू आहे, दूध सुरू करा. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

ड्युटी संपल्यावर मी दवाखान्यात डोकावले. आईनं बाळाला पदराखाली घेतलं होतं. बाळ हळूहळू पीत होतं. बाप खाटेपासून हातभर लांब उभा होता, दोन्ही पंजे काखांत खुपसून.

"जवळ जा की," मी म्हणाले.

"बर्फानं हात गार झालेत, ताई. ऊब आली की धरतो पोराला."

बोटं कधीच गरम झाली असणार. तरी तो तसाच उभा होता.