दीड पान

निजामी संपून वर्ष झालं नव्हतं. उमरग्याच्या कचेरीत कागद आता मराठीत लिहायचे होते आणि ते काम माझ्याकडं आलं होतं. मी स्वतःवर फार खूश होतो. तेवढ्यात जवळच्या एका गावात पटकी आली. माझी थोरली बहीण त्याच गावात दिली होती.

जिल्ह्याला अहवाल पाठवून चार दिवस झाले, तरी कुणी फिरकलं नाही. पाचव्या दिवशी त्या गावचे पाटील पुन्हा कचेरीत आले. "चार गेले, अकरा पडून हायेत," एवढंच बोलले. अक्काचं विचारायचं माझं धाडस झालं नाही.

मी दुसऱ्या अहवालाचा मसुदा पहिल्यासारखाच लिहून काढला. माझे वरिष्ठ, उर्दू दफ्तरात केस पिकलेले पेशकारसाहेब म्हणाले, "आधी पहिल्याची नक्कल दाव." सुरुवात अशी होती: 'सविनय सादर करण्यात येते की, हुजुरांच्या कृपाछत्राखालील सदर गावची रयत सांप्रत पटकीच्या प्रादुर्भावामुळे अत्यंत त्रस्त झाली असल्याचे पाटलांच्या तोंडी निवेदनावरून समजून येते.'

त्यांनी पान उलटलं. "दवा कुठं मागितलीस?"

मी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. आधी अदब, मग हकीकत, शेवटी मागणी, ही जुनी रीत त्यांच्याच कागदांवरून मी उचलली होती. तसं म्हणालोही, जरा तोऱ्यातच.

"ती रीत बक्षीस मागायची," ते म्हणाले. "माणसं मरताना न्हाय. दीड पान वाचंल कोण?"

मला राग आला, आणि त्यांचं खरं होतं म्हणून जास्तच आला. बाहेर मोटार उभी होती; टपाल तिच्यातूनच जायचं. त्यांनी दुसऱ्या मसुद्यावर लेखणी चालवली. 'सविनय' गेलं, 'कृपाछत्र' गेलं, 'समजून येते' गेलं. मग 'विहीर एकच' यावरही लेखणी आली, तसा मी त्यांचा हात धरला.

"हे राहू द्या. न्हायतर लाल दवा कशाला, ते कळायचं न्हाय."

"बराबर हाय," ते म्हणाले आणि हात काढला.

मोटारीत गेला तो कागद असा: 'डॉक्टर, लस आणि विहिरीत टाकायची लाल दवा आजच पाठवा. गावात पटकी आहे. चार मृत, अकरा आजारी. विहीर एकच.'

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर आले. मी त्यांच्याबरोबर गावात गेलो. अक्का ओसरीवर बसली होती, बरी होती. तिची धाकटी लेक आदल्या रात्री गेली होती.

संध्याकाळी कचेरीत येऊन मी लिहिलं: 'एकूण मृत पाच. पाचवा मृत्यू: मुलगी, वय चार.' पेशकारसाहेबांनी वाचून सही केली. ती माझी कोण, हे मी लिहिलं नव्हतं. दीड पानापायी वाया गेलेल्या त्या चार दिवसांचा दोष मी कुणावर ढकलला नाही. आजही तो माझाच समजतो.