भिंतीवर टेकवलेला तळहात

माझ्या कार्यालयाच्या वेबसाइटसाठी मी स्वतःविषयी लिहिलेला परिच्छेद मुलीने वाचून परत केला. "बाबा, हा तर बायोडाटा झाला. पदव्या काहून मोजून राहिले? तुम्ही काम कसं करता, ते सांगा ना."

मी जुन्या इमारती तपासून त्यांच्या मजबुतीचे दाखले देतो. म्हणून लिहिले, ‘आजही भिंतीवर तळहात टेकवल्याशिवाय मी सही करत नाही.’

"आता कसं माणूस बोलून राहिला!" ती हसली. "टाकू?"

पडद्यावरचे ते वाक्य पाहताना मला जरीपटका भागातली तीन मजली इमारत आठवली. उन्हाळ्यात तिथे न जाताच, केवळ फोटो पाहून मी सही केली होती. पुढे एका रहिवाशाने जिन्याजवळच्या तड्याचा फोटो पाठवला. मी उत्तर दिले नाही. कालच्या फोटोत त्याच तड्यात त्याची बोटे शिरली होती.

"थांब, टाकू नकोस," मी मुलीला म्हणालो आणि त्या रहिवाशाला फोन लावून सगळ्यांना लगेच बाहेर काढायला सांगितले.

"पण साहेब, तुमचीच तर सही आहे ना," तो निर्धास्तपणे म्हणाला.

त्याच्यामागे जिन्यावरून मुले धावत असल्याचा आवाज येत होता.