वाचनालयाच्या पोस्टखाली

हैदराबादला बरकतपुऱ्यात आमचं एक लहानसं मराठी वाचनालय होतं. एका जुन्या घराच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या, लोखंडी कपाटं आणि बाहेर वर्तमानपत्रं वाचायला एक बाक. मी विम्याच्या ऑफिसातून सुटले की तिथे जायची. कुणीतरी चिटणीस व्हायचं म्हणून मी झाले होते आणि मग कुणी बदललं नाही. घरमालक गेले. त्यांच्या मुलांना ते घर पाडून नवं बांधायचं होतं. मुलं चांगली होती, चहा पाजून बोलली. पण खोल्या सोडायला लागणार, हे त्यात बदललं नाही.

जवळच्याच एका ट्रस्टच्या इमारतीत एक खोली रिकामी होती. तिथल्या विश्वस्तांना मी भेटले. ते म्हणाले, द्यायला हरकत नाही, पण वाचणारी माणसं दिसली पाहिजेत, नुसती कपाटं ठेवायला खोली कशाला. रविवारी सकाळी तुम्ही सभा ठेवा, मी येऊन बसतो, किती लोक येतात ते बघू. ते काही वाकडं बोलले नव्हते. मीही त्यांच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं.

माणसं कुठून आणायची, हा प्रश्न मी माझ्या भाचीपुढे ठेवला. ती दिलसुखनगरला एका कोचिंग क्लासच्या ऑफिसात काम करते. क्लासच्या पोस्ट बनवायच्या, त्याखाली मुलं जे लिहितात त्यांना उत्तरं द्यायची, हेच तिचं दिवसभराचं काम. मराठी घरात बोलते, पण वाचताना अक्षराअक्षरावर थांबते. शाळेत तिला तेलुगू होतं, हिंदी नावापुरतं. वाचनालयात ती लहानपणी माझ्याबरोबर यायची ती पंख्याखाली बसायला.

तिने कॅरोसेल केलं. म्हणजे एकाच पोस्टमध्ये ओळीने चित्रं, अंगठ्याने सरकवत बघायची. पहिल्यावर कपाटांचा फोटो आणि ‘ही पुस्तकं कुठे जाणार?’ एवढंच. मग बाकावर बसलेले आजोबा, पुस्तकांचे उसवलेले पुठ्ठे, खोल्या का सुटताहेत त्याच्या दोन ओळी, आणि शेवटच्या चित्रावर सभेचा पत्ता आणि वेळ. मला ते फार आवडलं. मग ती म्हणाली, आता खालची कमेंट लिहायची, ती आपण वर पिन करून ठेवू, म्हणजे बाकीच्यांनी कितीही लिहिलं तरी आपलीच सगळ्यात वर राहील.

मी मन लावून लिहिली. भाषेचे जतन ही आपणा सर्वांची जबाबदारी आहे, या वास्तूला आपल्या साथीची गरज आहे, कृपया आपले मत मांडावे. तिने ती बोट फिरवत वाचली.

“मावशी, हे सगळं चित्रांत आलं आहे,” ती म्हणाली. “कमेंटमध्ये चित्रांत न मावलेलं सांगायचं. आणि मत कोण मांडतं? बस स्टॉपवर उभा असलेला माणूस एका ओळीत उत्तर देऊ शकेल, असं काहीतरी विचार. एकच विचार.”

तिच्या क्लासच्या पानावर तिने हे पुष्कळदा बघितलं होतं. दोन प्रश्न विचारले की लोक एकालाही उत्तर देत नाहीत. आणि पहिलं उत्तर द्यायला कुणीच पुढे येत नाही, म्हणून पहिलं उत्तर आपणच द्यायचं. तेही लगेच, म्हणजे उत्तरं उघडली की आपलंच आधी दिसतं. ते उत्तर भारदस्त झालं की संपलं. लोकांना वाटतं आपल्याला एवढं चांगलं लिहिता येणार नाही. ते इतकं साधं पाहिजे की वाचणाऱ्याला वाटलं पाहिजे, याहून बरं तर माझ्याकडे आहे.

मी चार-पाच प्रश्न सुचवले. तुम्ही वाचलेलं शेवटचं मराठी पुस्तक कोणतं? ती म्हणाली, हे विचारलं तर मी स्वतःच पोस्ट बंद करून पळेन. तिला लाज वाटली हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि मला वाटलं की हिच्यासारख्यांनाच तर आपल्याला बोलवायचं आहे. मग बोलता बोलता मी तिला माझ्या मामांची गोष्ट सांगितली. पुण्याहून मामा आले होते. माझे वडील त्यांना म्हणाले, चला, बंडी बाहेर लावली आहे. मामा गेले ते कपडे वाळत घालायच्या दोरीकडे बघत उभे राहिले. आमच्याकडे बंडी म्हणजे स्कूटर, तेलुगूतून आलेली. त्यांच्याकडे अंगात घालायची.

भाची हसली आणि तिने फोन हातात घेतला.

शेवटी जी कमेंट गेली ती अशी होती: ‘या कपाटांत शब्दकोश आहेत, पण हैदराबादच्या मराठी घरांतले कितीतरी शब्द त्यांत नाहीत. तुमच्या घरातला असा एक शब्द सांगा, जो ऐकून पुण्याचा पाहुणा गोंधळला. इंग्रजी अक्षरांत लिहिलं तरी चालेल.’ ती पिन केली आणि तिच्याखाली लगेच पहिलं उत्तर मी मामांचं टाकलं, दोन ओळींत. खाली भाचीने मला ‘मग मामा कशावर बसून गेले?’ हा प्रश्न घालू दिला नाही. म्हणाली, तेही तूच विचारलंस की लोकांना विचारायला काय राहिलं?

तिचं खरं होतं. तासाभरात तोच प्रश्न दुसऱ्या कुणीतरी विचारला.

पुढचे दोन दिवस मी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत डबा एका हाताने खात होते. तारनाक्याच्या, रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी लिहिलं की आमच्या घरी ‘परसों’ म्हणजे दोन दिवसांपूर्वी नव्हे, दहा वर्षांपूर्वीही असू शकतं. एका सुनेने लिहिलं, ती साताऱ्याहून लग्न होऊन आली, सासूबाईंनी ‘चारू’, म्हणजे चिंचेचं सार, वाढू का विचारलं आणि तिला कळेना चार काय वाढणार. तिच्याखाली तिच्या नणंदेने लिहिलं, तेव्हा तू चार पोळ्या घेतल्या होत्यास. एक मुलगा म्हणाला, त्याचे आजोबा नांदेडकडून आलेले, ते ‘नक्को’ असं म्हणायचे की समोरच्याला पुन्हा विचारायची हिंमत होत नसे. कुणी भांडलं, कुणी तो शब्द तेलुगू नव्हे उर्दू आहे असं समजावलं. मी प्रत्येकाला उत्तर देत होते. नुसता धन्यवाद लिहू नकोस, त्याच्या उत्तरातलं काहीतरी विचार, असं भाचीने सांगितलं होतं, आणि मला ते जमत होतं. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटत होतं. इतकी वर्षं वाचनालयात बसून एवढी माणसं माझ्याशी बोलली नव्हती.

गुरुवारी माझ्या लक्षात आलं की सभेबद्दल एकानेही काही विचारलेलं नाही.

मी भाचीला फोन केला. म्हटलं, वरच्या कमेंटमध्येच रविवारचं घालू या, ती काढून नव्याने लिहू. ती म्हणाली, ती काढली तर तिच्याखालची सगळी उत्तरं तिच्याबरोबर जातात. म्हटलं, नको, राहू दे. ती सासू, ती नणंद, ते आजोबा, सगळं जाणार. मग तिने दुसरी कमेंट लिहिली, फक्त सभेची, आणि तीही पिन केली. ती पहिलीच्या शेजारी शुक्रवारपर्यंत तशीच पडून राहिली. काही जणांनी तिला नुसतं बदामाचं चिन्ह दिलं.

मग मी एकेकाच्या उत्तराखाली लिहायला लागले, रविवारी या ना, प्रत्यक्ष बोलू. त्यात माझा सूर बदलला असणार. आधी भरभर बोलणारी माणसं जपून लिहायला लागली. नक्की प्रयत्न करते. आईला पाठवतो. मी टेक्सासला असतो, पण मनाने तिथेच आहे. साताऱ्याच्या सुनेने लिहिलं की रविवारी त्यांच्याकडे मुलाची परीक्षा आहे. कुणीही वाईट नव्हतं. कुणाला मी काय म्हणू शकत होते? मी त्यांना एक शब्द मागितला होता, तो त्यांनी दिला होता.

शनिवारी भाची वाचनालयात आली, खुर्च्या पुसायला. मी तिला विचारलं, आपण प्रश्नच चुकीचा विचारला का?

“प्रश्न बरोबर होता,” ती म्हणाली. “माझ्या ऑफिसात कुणाच्या पोस्टला इतकं बोलणं होत नाही. पण मावशी, बोलायला लावणं मला येतं. उठून यायला लावणं नाही येत.”

तिचे डोळे भरले होते. मी उलट तिचीच समजूत घातली.

रविवारी बाकावरचे नेहमीचे आजोबा आले, तारनाक्याचे गृहस्थ बस बदलून आले, आमच्या कमिटीतले आले. विश्वस्त ठरल्याप्रमाणे आले आणि मागे बसले. उरलेल्या खुर्च्या मांडलेल्या राहिल्या. उशिराने एक मुलगी आली, कॉलेजातली. तिने पोस्टखाली लिहिलं होतं की तिची आजी तोंडलीला ‘दोंडकाया’ म्हणते. तिला मराठी नीट वाचता येत नव्हतं. ती कपाटापाशी उभी राहून पुस्तकांच्या पाठी बघत होती. मग तिने मला विचारलं, यात मोठ्या अक्षरांचं काही आहे का. मी तिला लहान मुलांचं चित्रांचं पुस्तक दिलं. ते मिळाल्यावर ती पंख्याखाली बसून ओठ हलवत वाचत राहिली.

विश्वस्तांना मी फोनवरची ती सगळी उत्तरं दाखवली. त्यांनी चष्मा वर करून बरीच वाचली. मामांच्या गोष्टीला ते मोकळेपणाने हसले. फोन परत देताना म्हणाले, “हे फार छान आहे, ताई. पण या लोकांना खोली कशाला लागते?”

मी फोन पर्समध्ये टाकला आणि रिकाम्या खुर्च्या आवरायला लागले.

खोली मिळाली नाही, पण त्यांनी ट्रस्टच्या गोदामात पुस्तकांची खोकी ठेवायची परवानगी दिली, हे त्यांचं मोठेपण. काही खोकी माझ्या घरी आली, हॉलमध्ये एकावर एक. आजोबा आता वर्तमानपत्र कुठे वाचतात, मला माहीत नाही. त्यांचा फोन नंबर आम्ही कधी घेतलाच नव्हता, ते रोज येतच असत. जुनं घर पाडून झालं आहे.

पोस्ट मात्र अजून फिरते आहे. अधूनमधून कुणीतरी नवा शब्द लिहितं आणि माझा फोन वाजतो. भाचीने दोनदा विचारलं, बंद करू का ते पान? मी नको म्हटलं.

मागच्या आठवड्यात एकाने लिहिलं, आत्ताच शहरात बदली होऊन आलो आहे, हे वाचनालय नेमकं कुठे आहे, आईला घेऊन यायचं आहे. शेवटचं चित्र त्याने पाहिलं नसावं, किंवा पत्ता पाहिला आणि तारीख पाहिली नाही. मी ऑफिसात होते. जेवणाची सुट्टी होईपर्यंत थांबले. मग लिहिलं की वाचनालय बंद झालं, पुस्तकं खोक्यांत आहेत, आईंना कोणतं पुस्तक हवं ते सांगितलंत तर शोधून ठेवते. संध्याकाळी घरी येऊन मी वरची दोन खोकी उतरवून उघडलीसुद्धा. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.