चारातलं एक

आनुवंशिकता शिकवताना मी दहावीच्या वर्गात नाणी वापरते. छाप्यावर A आणि काट्यावर S लिहिलेली कागदी टिकली चिकटवायची. जोडीतला एक जण आई, दुसरा बाप. दोघेही सिकलसेल या रक्ताच्या आजाराचे वाहक. दोघांनी एकेक नाणं उडवलं की एक बाळ झालं. दोन्हींवर S आलं तर बाळाला आजार, एकावरच आलं तर ते वाहक.

त्या दिवशी चोवीस जोड्या होत्या. प्रत्येकीला चार बाळं. खिडकीजवळची मुलगी खोडरबर घासताना दिसली. ती हरसूलकडची, इथे नाशिकला वसतिगृहात राहणारी.

"मॅडम, आमचं चुकलं. SS दोनदा आलं."

"मग खोडतेस कशाला?"

"चारात एक म्हणालात ना. एकदा येऊन गेलं."

तिची जोडीदारीण म्हणाली, "ही मघापासून नाण्याला दम देतेय, मॅडम."

मी खोडू दिलं नाही. सगळ्यांचे आकडे फळ्यावर मांडले. शहाण्णव बाळांत SS एकवीस, म्हणजे चौथ्या हिश्श्याच्या जवळ. पण घरं वेगवेगळी: आठ घरांत एकही नाही, बारांत एक, तीन घरांत दोन आणि एका घरात चक्क तीन. प्रत्येक बाळाच्या वेळी नाणी नव्याने उडतात, आधी काय आलं ते त्यांना ठाऊक नसतं, एवढंच मी सांगितलं.

तास संपल्यावर ती मागे थांबली. स्वतःच्या घराचा वंशावळ तक्ता मी कुणालाच काढायला सांगत नाही. तिने तो आपणहून काढून आणला होता. आईचं वर्तुळ आणि बापाचा चौकोन अर्धे भरलेले, म्हणजे वाहक; धाकट्या भावाचा चौकोन पूर्ण काळा, म्हणजे आजार. शेजारी एक रिकामी आकृती.

"हे बाळ पुढच्या महिन्यात होणारे. घरी सगळे म्हणतात, एकाला झालं, आता हे मोकळं."

"याचीही शक्यता चारात एक. जन्मल्यावर लगेच रक्त तपासायला हवं. डॉक्टरांना आत्ताच सांगून ठेवायला सांग."

ती शनिवारी घरी गेली. वडील ऐकेनात, तेव्हा तिने त्यांच्याच हातात नाणी दिली, असं नंतर कळलं.

पावसाळा संपता संपता तिच्या आईचा फोन आला.

"मॅडम, पोरगी झाली. तिचं रक्त तपासलं. तिलाबी हाय."

ती पुढे म्हणाली, "हिच्या भावाचं चार वर्षं कळलंच नाय. ताप आला का नुसतं अंगावर काढायचो. हिचं औषध आतापासूनच चालू केलंय. ताप आला का थांबायचं नाय, लगेच दवाखाना."

"बाकी कसंय बाळ?"

"लय रडती," ती हसली. "तुमची शाळावाली घरी आली का तिलाच देते धरायला."

मी तिचे आभार मानले. ती म्हणाली, तुम्ही कशाला मानता. पण मला मानायचे होते. इतकी वर्षं मी ही नाणी उडवत आले. ती एखाद्या घरापर्यंत पोचली, हे मला त्या माउलीने फोन केला म्हणून कळलं.