भामाबाईंच्या वाढीचा रिकामा रकाना

क्रांती चौकामागच्या मुलींच्या वसतिगृहात रूपा खरात कारकून म्हणून लागली, त्याला एकोणीस वर्षं झाली. गॅसची कळ बंद केली का हे बघायला जिन्यावरून परत फिरणारी ही बाई. असल्या बाईच्या हाती संस्थेने बजेटच्या बैठकीचं काम दिलं, हे एकापरीने बरंच झालं आणि एकापरीने तिच्या जिवाला घोर.

काम सांगायला सोपं होतं. तीन सभासद दीड तास बोलले होते, ते मोबाईलवर रेकॉर्ड झालं होतं. त्यातून तक्ता करायचा: खर्चाची बाब, रक्कम, कुणी मंजूर केली. अध्यक्ष काकासाहेब, खजिनदार मनकर्णाबाई आणि तिसरे इंद्रजीत. पण आमच्याकडे माणसं बजेट बोलतात म्हणजे पारावर बसल्यासारखी बोलतात. टाकीच्या दुरुस्तीला मनकर्णाबाई चाळीस म्हणाल्या, इंद्रजीत म्हणाले पस्तीसात होतंय, मग काकासाहेबांच्या पुतण्याच्या लग्नाचा विषय निघाला, आणि पाच मिनिटांनी काकासाहेब म्हणाले, "पस्तीसच धरा." रूपाने आधी रकमेसमोर इंद्रजीतचं नाव लिहिलं, कारण आकडा त्यांनी काढला. मग तिला वाटलं, सुचवणं वेगळं, मंजूर करणं वेगळं. खोडलं. पस्तीस हजार, काकासाहेब.

खाटांचं त्याहून कठीण. "वीस खाटा, अडीच," एवढंच. अडीच हजारांत वीस खाटा कोण देतो? अडीच लाख म्हणावं तर सागवानी पलंग आले असते. कोटेशन शोधलं, एका खाटेला अडीच हजार. म्हणजे पन्नास हजार झाले. हेही "घ्या" म्हणून काकासाहेबांनीच मंजूर केलं होतं. तिचं डोकं भणभणत होतं, पण तक्ता जमत चालला होता.

अडलं ते एकाच ओळीवर. भामाबाई, पाचोडच्या, आठ वर्षं इथं स्वयंपाकाला. पगार नऊ हजार, आठ वर्षांत एक पैसा वाढला नाही. यंदा दीड हजारांची वाढ मागितली होती, म्हणजे वर्षाचे अठरा हजार. ती ओळ नीट भरावी म्हणून रूपाने दम धरून ऐकलं. मनकर्णाबाई म्हणाल्या, बाईनं हात भाजून घेतले पण सुट्टी नाही घेतली. इंद्रजीत म्हणाले, द्यायलाच पायजे. मग कपांचा आवाज, आणि एकदम साऱ्यांची तोंडं बंद. "माझ्यात साखर कमी," काकासाहेब म्हणाले. मग खाटा.

रूपा त्या खोलीत बसली होती, तरी तिला आठवेना. काकासाहेबांनी मान हलवली होती, हे पक्कं. पण ती वाढीला हलवली की चहाला? हा भाग तिने चार वेळा ऐकला आणि प्रत्येक वेळी जास्तच गोंधळली.

शेवटी फोन केले. मनकर्णाबाई म्हणाल्या, काकासाहेबांनी मान हलवली की, त्यांचं नाव लिही. काकासाहेब म्हणाले, "मी समजलो मनकर्णाबाईंनी हो म्हटलं. त्यांचं लिहून टाक." इंद्रजीतना तर वाढ केव्हाच झाली असं वाटत होतं. आता तिघांनाही देणं मान्य, आणि दिलं कुणीच नाही. एक नाव टाकून मोकळं व्हावं असं तिला फार वाटलं. भामाबाईंचं भलं होतं, कुणाचं बिघडत नव्हतं. पण न दिलेली मंजुरी दिली म्हणून लिहायची, तर तो तक्ता कशाचा?

तिने लिहिलं: चर्चा झाली, मंजुरी नोंदलेली नाही. काकासाहेबांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, पुढच्या बैठकीत घेऊ. ती तीन महिन्यांनी.

हे भामाबाईंना सांगायचं कुणी? स्वयंपाकघरात जाऊन रूपाने सांगितलं, त्या चहाचे कप घेऊन आत आल्यावर सारे कसे गप्प झाले तेही. माणसासमोर त्याच्या पगाराचं बोलायचं नसतं, म्हणून. भामाबाई पिठात पाणी घालता घालता थांबल्या.

"चहा पुरता उकळला नव्हता, तरी मी आणला," त्या म्हणाल्या. "म्हटलं सायब लोक कवाधरून बोलू राहिले, घसा सुकला आसंल. उकळू दिला आसता तर झालं आसतं का?"

रूपाला खोटं बोलता येत नव्हतं आणि खरं काय ते तिला माहीत नव्हतं.

"काय की, भामाबाई," ती म्हणाली.

भामाबाईंनी उरलेलं पाणी घातलं आणि कणीक मळायला घेतली. रात्रीला चाळीस मुलींच्या पोळ्या व्हायच्या होत्या.